डिस्ट्रिब्युटरकडून महिन्याचं स्टेटमेंट मागायचं कसं

इंदूरला सांवेर रोडवरच्या एका छोट्या कारखान्यात मी विक्रीचं काम बघते. आम्ही गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची आणि चकलीची भाजणी करतो. रामबाग, सुदामानगर, अन्नपूर्णा रोड या बाजूला आपली माणसं भरपूर, त्यामुळे शहरात माल बरा खपतो. तो दुकानांपर्यंत पोचवतात डिस्ट्रिब्युटर, आणि दर महिन्याला त्यांच्याकडून विक्रीचे व शिलकीचे आकडे मागणं हे माझं काम. नव्याने लागलेल्या मुला-मुलींकडे हेच काम पहिल्यांदा येतं आणि त्यांना ते फार सोपं वाटतं. एक मेसेज टाकायचा, आकडे येतील. आकडे येतातही, पण तीन महिन्यांनी कळतं की ते मनाने लिहिलेले होते. हे कशामुळे होतं आणि मागणी कशी केली की खरे आकडे वेळेवर मिळतात, ते माझ्या अनुभवावरून लिहिते आहे.

आधी दोन शब्द समजून घ्या, बाकी सगळं त्यावर उभं आहे. आपण डिस्ट्रिब्युटरला बिल करतो ती प्रायमरी विक्री. तो दुकानदाराला विकतो ती सेकंडरी. प्रायमरीचे आकडे आपल्या कॉम्प्युटरमध्ये असतात, ते कोणाला विचारावे लागत नाहीत. सेकंडरी आणि महिनाअखेरीस त्याच्या गोडाऊनमध्ये उरलेला माल, ज्याला सगळे क्लोजिंग म्हणतात, हे फक्त त्यालाच माहीत असतं. आपण १०० पेट्या पाठवल्या आणि त्या सगळ्या त्याच्याकडेच पडून राहिल्या, तर आपल्या हिशेबात महिना छान गेलेला दिसतो. दोन महिन्यांनी ऑर्डर बंद होते आणि मग जुन्या तारखेचा माल परत येऊ लागतो. स्टेटमेंट मागायचं ते हे आधी कळावं म्हणून.

तो आकडे का देत नाही

नवीन माणसाला वाटतं, आळस. खरं म्हणजे त्याच्या मनात काही भीती असतात आणि त्यातल्या बऱ्याच रास्त असतात.

पहिली भीती अशी की क्लोजिंग कमी दिसलं की कंपनी माल लादेल. ही मी डोळ्यांनी पाहिली आहे. पूर्वी मी ज्या कंपनीत होते, तिथे एक डिस्ट्रिब्युटर दर महिन्याला वेळेवर आणि अगदी खरं स्टेटमेंट पाठवायचे. एका महिन्यात एका मालाचं क्लोजिंग ११ पेट्या आलं. आमच्या वरिष्ठांनी ते बघितलं आणि स्वतःचं टार्गेट पुरं करायला, न विचारता, १०० पेट्यांचं बिल फाडून गाडी रवाना केली. त्या माणसाने माल उतरवून घेतला, भांडला नाही. पण पुढच्या महिन्यापासून त्याच्या स्टेटमेंटमध्ये प्रत्येक मालाचं क्लोजिंग ५० नाहीतर ६० येऊ लागलं. आकडा कमी दाखवला की काय होतं हे तो शिकला होता. तो विश्वास परत मिळवायला मला वर्ष लागलं, आणि तोही पुरता मिळाला असं म्हणता येणार नाही.

दुसरी भीती दुकानांच्या यादीची. कोणत्या दुकानात किती जातं हे कंपनीला कळलं की कंपनी त्याच दुकानांच्या जोरावर दुसरा डिस्ट्रिब्युटर नेमेल, किंवा त्याचा अर्धा एरिया काढून घेईल. तिसरी भीती दुसऱ्या कंपन्यांच्या आकड्यांची. त्याच्याकडे आपल्यासारख्या आठ-दहा कंपन्यांचा माल असतो आणि एकीचे आकडे दुसरीकडे जाऊ नयेत हे तो जपतो. आणि चौथी गोष्ट भीती नाही, राग आहे. त्याचे क्लेम अडकलेले असतात. स्कीमचे पैसे, खराब मालाची क्रेडिट नोट, काहीतरी दोन-तीन महिने लटकलेलं असतं. त्यात आपण मेसेज टाकतो, ‘क्लोजिंग पाठवा’. त्याच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?

म्हणून पहिल्या मागणीच्या आधी आपल्या ऑफिसात दोन गोष्टी करून घ्या. एक, त्याचे कोणते क्लेम बाकी आहेत ते अकाउंटमध्ये जाऊन लिहून आणा, प्रत्येकापुढे तारीख आणि कुठे अडकलं ते. दोन, आपल्या साहेबांकडून स्पष्ट शब्द घ्या की या आकड्यांवरून न विचारता माल जाणार नाही. हा शब्द मिळत नसेल तर तुम्ही कितीही गोड बोला, उपयोग नाही. डिस्ट्रिब्युटरला तुमचा सूर ऐकू येतो, पण लक्षात राहते ती गाडी.

पहिली मागणी समोरासमोर

पहिल्यांदा मेसेज नको, भेटीला जा. आमचे एक डिस्ट्रिब्युटर सियागंजात बसतात, साठीच्या पुढचे मराठी गृहस्थ. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणते. सोबत मुलगा असतो आणि हिशेबाला मुनीमजी. सकाळी अकरापर्यंत तिथे बोलायची सोय नसते, कारण टेम्पो भरले जात असतात आणि सेल्समन बिलं घेऊन निघत असतात. संध्याकाळी सहानंतर वसुलीचे पैसे मोजणं चालतं. दुपारी एक ते चार ही खरी वेळ. रंगपंचमीच्या गेरच्या दिवशी, किंवा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, हा विषय काढूच नका.

भेटीत मी पहिल्यांदा क्लेमचा कागद पुढे केला. “काका, तुमचे तीन क्लेम बाकी आहेत. हे दोन पास झालेत, आठवड्यात नोट निघेल. तिसऱ्यात बिलाची कॉपी कमी आहे, ती मी आजच घेऊन जाते.” स्टेटमेंटचा विषय त्यानंतर. आणि तो मागताना कारण त्यांच्या कामाचं सांगितलं: “दिवाळीच्या आधी चकलीची भाजणी तुम्हाला कमी पडते, गेल्या वर्षी शेवटच्या आठवड्यात पडली होती. तुमच्याकडे किती उरलंय हे मला महिन्याच्या सुरुवातीला कळलं, तर दळण त्या बेताने लावता येईल.” यात ‘कंपनीची पॉलिसी आहे’ हे वाक्य नाही, हे लक्षात घ्या. करारात ते कलम असतं, त्यांना माहीत असतं. पहिल्याच भेटीत करार काढला की पुढे बोलायला काही उरत नाही.

मग काय नको ते स्वतःहून सांगितलं. हे मला सगळ्यात उपयोगी पडलेलं वाक्य आहे: “मला दुकानांची नावं नकोत, रेट नकोत, रुपये नकोत. फक्त आपला माल, फक्त पेट्या.” काकांचा चेहरा तिथे सैल झाला. ते म्हणाले, “एवढंच ना? मग मुनीमजींना सांग.”

उठण्याआधी तीन गोष्टी ठरवून घ्या. आकडे कोण देणार, कोणत्या तारखेला, आणि कशात. कोण देणार हे मालकाच्या तोंडून, मुनीमजींच्या समोर ठरलं पाहिजे. मालकाला वगळून परस्पर मुनीमजींना फोन करत राहिलात तर दोघेही नाराज होतात. तारीख मी १ ते ५ च्या दरम्यान घेते. दर महिन्याला जीएसटी भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ साठी ११ तारीख आणि ३बी साठी २० तारीख असते, त्यामुळे ८ ते ११ मध्ये मुनीमजींकडे मान वर करायला वेळ नसतो. त्याच दिवसांत आठवण करून देणं म्हणजे वैर ओढवून घेणं. मुनीमजी अर्धवेळ असतील आणि आठवड्यातून दोनच दिवस येत असतील, तर ते दोन दिवस विचारून घ्या.

कशात, याचं उत्तर त्यांच्याकडे जे आहे त्यातच शोधा. आपली बारा रकान्यांची एक्सेल शीट त्यांच्या गळ्यात मारू नका. काकांकडे टॅली आहे. त्यात आपल्या कंपनीच्या मालाचा वेगळा ग्रुप केलेला असेल, तर `Stock Summary` मध्ये तो ग्रुप उघडायचा, महिन्याचा कालावधी निवडायचा, `F12` मधून ओपनिंग, आवक, जावक आणि क्लोजिंग हे चारही रकाने दिसतील असं करायचं आणि `Alt+E` ने फाइल काढायची. एकदा मुनीमजींच्या शेजारी बसून हे केलं की पुढच्या महिन्यापासून त्यांना पाच मिनिटं लागतात. वेगळा ग्रुप नसेल तर तो करून द्यायला मदत करा. दुसऱ्या कंपन्यांचे आकडे आपल्यासमोर उघडे पडत नाहीत, हे त्यांना तिथेच दिसतं. टॅली नसेल आणि वहीच असेल, तर वहीच्या पानाचा फोटो चालेल म्हणा. आकडे शीटमध्ये घालायचं काम आपलं.

मेसेज

आता दर महिन्याचा मेसेज. नवीन मुलं पाठवतात तो साधारण असा असतो:

“सप्टेंबरचं क्लोजिंग अजून आलेलं नाही. आज संध्याकाळपर्यंत पाठवावे, अन्यथा डिस्पॅच होल्ड करण्यात येईल.”

यात नमस्कार नाही. काय हवं ते नीट सांगितलेलं नाही. कशासाठी हवं ते नाही. आणि धमकी आहे, जी आपण पाळणार नाही, कारण डिस्पॅच थांबवला तर नुकसान आपलंच. पोकळ धमकी तो एकदा ओळखतो, मग तुमच्या पुढच्या कोणत्याच शब्दाला वजन राहत नाही.

मी २८ तारखेला, म्हणजे महिना संपायच्या आधीच, हा पाठवते:

“नमस्कार काका. सप्टेंबरचं स्टेटमेंट ३ तारखेपर्यंत मिळालं तर बरं होईल. नेहमीप्रमाणे फक्त आपला माल, पेट्यांमध्ये: ओपनिंग, आलेला माल, विक्री, स्कीममध्ये दिलेला, खराब म्हणून बाजूला ठेवलेला आणि क्लोजिंग. ५ तारखेला दिवाळीच्या दळणाचं ठरणार आहे, तेव्हा तुमची चकली भाजणी त्यात धरायची आहे. ऑगस्टच्या स्कीमची क्रेडिट नोट काल निघाली, कॉपी सोबत पाठवते आहे.”

महिना संपायच्या आधी पाठवल्याने ती तक्रार होत नाही, आठवण होते. ‘नेहमीप्रमाणे’ हा शब्द मुद्दाम आहे. नवीन काही मागत नाही आहोत, हे त्यातून कळतं. आणि क्लेमची खबर चांगली असो वा वाईट, प्रत्येक मेसेजमध्ये असतेच. क्लेम अडकला असेल तर तसं लिहिते: ‘जुलैचा क्लेम अजून पास झालेला नाही, शुक्रवारी पुन्हा विचारते.’ न लपवता सांगितलेली वाईट खबर त्यांना चालते. गप्प बसलेलं चालत नाही. काही डिस्ट्रिब्युटर हिंदीत बोलतात, त्यांना हाच मजकूर हिंदीत जातो. भाषा बदलली तरी क्रम तोच.

३ तारखेपर्यंत आलं नाही तर ४ ला दुपारी मुनीमजींना फोन: “मुनीमजी, काही अडलंय का? सगळं जमत नसेल तर आज फक्त गोडा मसाला आणि चकली भाजणी द्या, बाकी आठवड्यात.” सगळं मागून काही न मिळण्यापेक्षा दोन मालांचे खरे आकडे मिळालेले बरे, कारण दळण त्या दोनांवरच ठरतं. ५ नंतर मात्र मी काकांना फोन करते, मुनीमजींची तक्रार म्हणून नाही, तर ‘मुनीमजी कामात दिसतात, तुमच्या मुलाकडून मिळतील का’ असं विचारत. मग २० तारखेपर्यंत पुन्हा विचारत नाही.

एक गोष्ट कधीही करू नका. सगळ्या डिस्ट्रिब्युटरांच्या ग्रुपवर ‘यांचं आलं, यांचं बाकी’ अशी यादी टाकू नका. इंदूरच्या बाजारात सगळे एकमेकांना ओळखतात, बऱ्याच जणांचं एकमेकांकडे येणं-जाणं असतं. तिथे नाव खाली गेलं की तो माणूस त्या दिवशी आकडे देईल, पण कसेतरी भरून देईल.

आकडे जुळत नाहीत तेव्हा

आता खरा कसोटीचा भाग. आकडे आले, आपण हिशेब केला आणि फरक आला. इथे तोंडातून निघालेला एक चुकीचा शब्द सहा महिन्यांचं काम घालवतो. एका सप्टेंबरचं उदाहरण सविस्तर सांगते.

मुनीमजींनी घाईत टॅलीतून न काढता कागदावर लिहून फोटो पाठवला होता. गोडा मसाल्यापुढे तीन आकडे होते: ओपनिंग ४५ पेट्या, विक्री ६०, क्लोजिंग ३८. आमच्या बुकात त्या महिन्यात त्यांना ८० पेट्यांचं बिल होतं. ४५ आणि ८० मिळून १२५, त्यातून ६० गेल्या, तर उरायला हव्यात ६५. कागदावर ३८. म्हणजे २७ पेट्या कमी. आमच्या ऑफिसात लगेच एक जण म्हणाला, “विक्री लपवतायत, बाहेरच्या एरियात माल टाकत असतील.” मी त्याला थांबवलं.

फोन उचलायच्या आधी आपल्या घरचं बघायचं, हा माझा नियम आहे. ८० पेट्यांची बिलं उघडली: ६० पेट्या ८ तारखेला, २० पेट्या ३० तारखेला. ३० च्या बिलाची डिलिव्हरीची पावती काढली. माल टेम्पोत चढला होता १ ऑक्टोबरच्या सकाळी. महिना संपत आला म्हणून बिल आपण ३० ला फाडलं आणि माल पोचला पुढच्या महिन्यात. काकांच्या वहीत तो ऑक्टोबरची आवक म्हणूनच चढणार, आणि ते बरोबर आहे. २७ पैकी २० पेट्या इथेच सापडल्या. हे न बघता मी फोन केला असता तर चूक आमची आणि आवाज माझा चढलेला, असं झालं असतं.

उरल्या ७. आता फोन. मी जे बोलले ते जसंच्या तसं देते:

“काका, नमस्कार. मुनीमजींचं स्टेटमेंट वेळेवर मिळालं, त्याच्यावरच दळण ठरवलं. गोडा मसाल्यात माझा हिशेब थोडा अडलाय. आमचं ३० तारखेचं २० पेट्यांचं बिल तुमच्याकडे १ ला उतरलं, ते मी बाजूला केलं. तरी ७ पेट्या मला लावता येत नाहीत. स्कीमचा माल विक्रीत धरलाय की वेगळा गेलाय?”

काका म्हणाले, “स्कीम वेगळीच गेली ना. बारावर एक फ्री होती, ती विक्रीत कशी धरणार?”

आमच्या पेटीत ४८ पाकिटं असतात. ६० पेट्या म्हणजे २,८८० पाकिटं. बारावर एक म्हणजे २४० पाकिटं फुकट गेली, बरोबर ५ पेट्या. दुकानदार डझनानेच माल घेत असल्याने स्कीम पुरती लागली होती.

“मग काका, दोन पेट्या राहतात.”

“त्या इथेच पडल्यात. सील सुटलेल्या. तुमचा माणूस बघायला येणार होता, अजून आला नाही. विकायच्या मालात मी त्या मोजत नाही.”

सगळा हिशेब लागला: २०, ५ आणि २. एकही पेटी कुठे पळाली नव्हती. उलट आमच्याच पॅकिंगमध्ये सील नीट बसत नव्हतं, हे त्या फोनमुळे कळलं. मी त्याच दिवशी माणूस पाठवला, दोन पेट्यांची क्रेडिट नोट केली आणि पुढच्या महिन्यापासून स्कीम आणि खराब हे दोन रकाने कायमचे मागू लागले. वरच्या मेसेजमध्ये ते दिसतात, ते या प्रसंगातून आले.

बोलण्यात काय केलं ते बघा. ‘तुमच्या स्टेटमेंटमध्ये फरक आहे’ असं म्हटलं नाही, ‘माझा हिशेब अडलाय’ म्हटलं. आणि ते खरंही होतं. आपल्या बाजूची गफलत आधी कबूल केली. मग मोकळा प्रश्न न टाकता, शक्य असलेलं एक कारण पुढे ठेवून विचारलं. ‘७ पेट्या कुठे गेल्या?’ या प्रश्नाला माणूस बचाव करतो. ‘स्कीम वेगळी गेली का?’ याला तो हिशेब सांगतो.

आमच्याकडच्या शीटमध्ये हा मेळ एका ओळीत बसवला आहे. B मध्ये ओपनिंग, C मध्ये त्यांच्याकडे त्या महिन्यात प्रत्यक्ष उतरलेला माल, D मध्ये दुकानांकडून परत आलेला चांगला माल वजा करून विक्री, E मध्ये स्कीम, F मध्ये खराब, G मध्ये त्यांनी दिलेलं क्लोजिंग.

```
=B2+C2-D2-E2-F2-G2
```

उत्तर ० आलं की जुळलं. वरच्या उदाहरणात ४५ आणि ६० मिळून १०५, त्यातून ६०, ५, २ आणि ३८ गेले की शून्य. दोन ठिकाणी मात्र हे फसतं. टॅलीतून काढलेल्या यादीत जावक हा एकच रकाना असतो आणि त्यात स्कीमचा मालही मिसळलेला असू शकतो, तेव्हा विक्री ६० च्या जागी ६५ दिसते. मेळ शून्यच येतो, पण विक्री फुगलेली असते. म्हणून स्कीम वेगळी विचारावीच लागते. दुसरं म्हणजे पेटी आणि पाकीट यांची गल्लत. कोणी टॅलीत पाकिटांमध्ये नोंद ठेवतो, कोणी पेट्यांमध्ये. एखादा आकडा अपेक्षेच्या साधारण ४८ पट दिसला तर आधी हेच तपासा.

मनाने भरलेले आकडे

काही खुणा आहेत. या महिन्याचं ओपनिंग गेल्या महिन्याच्या क्लोजिंगशी जुळत नाही. विक्री बरोबर आपल्या बिलाइतकीच येते, महिनोन्महिने. सगळे आकडे ० किंवा ५ वर संपतात. ज्या महिन्यात स्कीम होती त्या महिन्यातही विक्री तशीच राहते. यातली एक खूण दिसली तर सोडून द्या, दोन-तीन सलग दोन महिने दिसल्या तर भेटीला जा.

भेटीत ‘आकडे खोटे आहेत’ हे बोलायचं नाही. तसे ते बहुतेक वेळा खोटेही नसतात. मुनीमजींना मोजायला वेळ मिळालेला नसतो आणि वहीत आहे ते उतरवून दिलेलं असतं. मी म्हणते, “दादा, जास्त खपणारे पाच माल आज आपण दोघं मिळून मोजू या का? जुन्या तारखेचा माल मागे राहिला असेल तर तोही दिसेल, वेळेत बदलून देता येईल.” गोडाऊनमध्ये आपण स्वतः पेट्या मोजायला हात लावला की सूर आपोआप बदलतो. मोजल्यावर निघालेला आकडा त्याच तारखेपासून ओपनिंग म्हणून दोघांनी मान्य करायचा आणि मागचा फरक उकरत बसायचं नाही. तो फरक पैशांत मोठा असेल, तर ते काम अकाउंटचं आणि साहेबांचं. स्टेटमेंट मागणाऱ्या माणसाने त्यात पडू नये, नाहीतर पुढच्या महिन्यात त्याला कोणी आकडे देणार नाही.

आकडे मिळाल्यावर

इथे बहुतेक जण थांबतात. स्टेटमेंट आलं, शीट भरली, साहेबांना पाठवली, संपलं. डिस्ट्रिब्युटरच्या दृष्टीने मात्र त्याने पाठवलेले आकडे विहिरीत गेले. दोन-तीन दिवसांत त्याच आकड्यांतून त्याच्या कामाचं काहीतरी त्याला परत गेलं पाहिजे. सगळ्यात सोपं म्हणजे माल किती दिवस पुरेल. त्यासाठी विक्रीच्या जागी एकूण बाहेर गेलेला माल धरावा, कारण स्कीमचा मालही गोडाऊनमधूनच जातो. काकांच्या बाबतीत ३० दिवसांत विक्री आणि स्कीम मिळून ६५ पेट्या गेल्या. हातात ३८ आणि १ तारखेला उतरलेल्या २०, अशा ५८ पेट्या. ५८ गुणिले ३० भागिले ६५, साधारण २७ दिवस. सणाच्या महिन्यात खप वाढतो, तेव्हा हा आकडा जरा कमीच समजावा.

मी त्यांना लिहिलं:

“काका, सप्टेंबरचं स्टेटमेंट जुळलं, मुनीमजींना माझे आभार सांगा. गोडा मसाला ५८ पेट्या आहे, साधारण २७ दिवसांचा. या महिन्यात लगेच ऑर्डर नाही दिली तरी चालेल, १५ तारखेला बघू. चकली भाजणी मात्र फक्त ६ पेट्या दिसते आणि सप्टेंबरमध्ये २२ गेल्या होत्या. दिवाळीसाठी ४० पेट्या तुमच्या नावाने दळणात धरू का? तुम्ही हो म्हटल्याशिवाय बिल होणार नाही. सील सुटलेल्या २ पेट्यांची क्रेडिट नोट सोबत आहे.”

‘लगेच ऑर्डर नाही दिली तरी चालेल’ हे वाक्य लिहायला मला साहेबांशी वाद घालावा लागला. पण काकांनी तासाभरात उत्तर पाठवलं: “भाजणी ५० धर. आणि पुढच्या महिन्यापासून मुलगाच २ तारखेला टॅलीतून काढून पाठवेल, कागदावर नको.”